आमसूल आणि पेरूची पानं: एकूण फिनॉलिक्स आणि डीपीपीएच, प्रकल्पाच्या नोंदी

१४ जुलै

दोन नमुने ठरले. पहिला आमसूल, दादरच्या बाजारातून सुटं आणलेलं, सावंतवाडीकडचा माल. दुसरा पेरूची पानं, आवारातल्या एकाच झाडाची, शेंड्यापासून तिसरं-चौथं पान. दोन्हींचा अर्क काढून एकूण फिनॉलिक्स फोलिन-सिओकाल्टो अभिकर्मकाने मोजायचे आणि गॅलिक आम्लाच्या तुलनेत सांगायचे. त्याच अर्कांची डीपीपीएच मूलक शमवण्याची क्षमता ट्रोलॉक्सच्या तुलनेत सांगायची.

ही जोडी मुद्दाम घेतली आहे. पानांत फिनॉलिक्स भरपूर, रंग हिरवा, आणि ५१७ नॅनोमीटरला त्या रंगाचा फारसा त्रास नाही. आमसुलात फिनॉलिक्स बेताचे, पण अँथोसायनिनचा लालभडक रंग नेमका तिथेच शोषतो जिथे डीपीपीएच शोषतं. एकाच पद्धतीने दोघांना मोजलं की पद्धत कुठे घसरते ते दिसेल.

द्रावक ७०% मिथेनॉल. इथेनॉल बरं पडलं असतं, पण त्याला उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो आणि आमच्याकडचा कोटा दुसऱ्या कामाला बांधलेला आहे.

१६ जुलै

पानं सावलीत वाळत घातली होती, ती फसली. जुलैतल्या मुंबईच्या हवेत सावलीत काहीही वाळत नाही. दोन दिवसांत पानं मऊ पडली, कडा तपकिरी झाल्या, खालच्या थराला कुबट वास आला. पान जिवंत असेपर्यंत पॉलिफिनॉल ऑक्सिडेज आणि फिनॉलिक्स वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. पान हळूहळू मरतं तेव्हा दोघांची गाठ पडते आणि आपल्याला मोजायचं तेच पदार्थ तपकिरी होऊन संपतात. ही खेप फेकली नाही, तुलनेसाठी वेगळी बांधून ठेवली.

नवी पानं धुऊन, टिपून, जाळीच्या ट्रेवर एकेरी थरात पसरली आणि पंख्याच्या ओव्हनमध्ये ४०° से. ला १८ तास ठेवली. पान चुरगाळल्यावर कुरकुरीत तुटलं पाहिजे, वाकता कामा नये. मिक्सरमध्ये दळून ०.५ मिमी चाळणीतून काढली. भुकटी लगेच डेसिकेटरमध्ये. उघड्या बाटलीत तासाभरात तिचे गोळे होतात.

आमसूल दळता येत नाही, पात्याला चिकटतं. कात्रीने बारीक तुकडे करून रात्रभर डीप फ्रीझरमध्ये ठेवले आणि कडक असतानाच मिक्सरमधून पाच-पाच सेकंदांचे तीन झटके दिले. जास्त फिरवलं की गरम होऊन पुन्हा गोळा.

१७ जुलै

ओलावा. पानांची भुकटी १०५° से. ला स्थिर वजनापर्यंत: ८.०%. आमसुलाला १०५° चालत नाही, साखर आणि आम्लं करपायला लागतात आणि वजन घटतच राहतं. म्हणून व्हॅक्युम ओव्हन, ७०° से.: १७.५%.

आमसुलात आणखी एक वजनदार पाहुणा आहे, मीठ. घरोघरी आणि कारखान्यातही सोलं मीठ लावून रसात पुन्हा पुन्हा बुडवून वाळवतात, त्यामुळे प्रत्येक मालात प्रमाण वेगळं. आपण 'प्रति ग्रॅम कोरडं वजन' लिहितो त्या ग्रॅमात हे मीठही मोजलं जातं. नमुना जाळून राखेतलं क्लोराइड सिल्व्हर नायट्रेटने मोजलं (राख का, तर आम्ल अर्कात क्रोमेट दर्शकाचा शेवटबिंदू मिळत नाही): आणलेल्या मालात ११.०% मीठ.

१८ जुलै

अर्क.

आमसूल २.००० ग्रॅम, पानांची भुकटी ०.५०० ग्रॅम. प्रत्येकी १५ मिली ७०% मिथेनॉल, सोनिकेटरमध्ये २० मिनिटं, सेंट्रिफ्यूज, वरचं द्रावण काढून घेतलं. असं तीनदा. तिन्ही एकत्र करून व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये ५० मिलीपर्यंत भरलं. सोनिकेटरचं पाणी दुसऱ्या फेरीतच ४१° वर गेलं होतं, म्हणून आता प्रत्येक फेरीआधी बर्फाचा तुकडा टाकायचा आणि ३५° च्या वर जाऊ द्यायचं नाही.

चौथ्यांदा काढलेल्या धुवणात किती उरलं तेही पाहिलं: आमसुलात एकूणच्या २%, पानांत ३%. तीन फेऱ्या पुरेत.

प्रत्येक नमुन्याचे तीन स्वतंत्र अर्क, म्हणजे तीन वेगळी वजनं. एकाच अर्काच्या तीन नळ्या लावून त्याचं प्रमाण विचलन छापणं ही सर्रास दिसणारी लबाडी आहे. त्यातून फक्त पिपेट धरणारा हात कसा आहे ते कळतं, नमुना कसा आहे ते नाही.

२१ जुलै

गॅलिक आम्लाचा ग्राफ. पहिला प्रयत्न रद्द.

उतार ०.००९२ आला. या आकारमानांना (एकूण ५ मिलीत ०.५ मिली स्टँडर्ड) तो ०.०१०० च्या आसपास यायला हवा. रेषा सरळ, आर-वर्ग ०.९९९, त्यामुळे वरवर पाहणाऱ्याला काहीच खटकलं नसतं. बाटली पाहिली. लेबलवर मोनोहायड्रेट, आणि आम्ही निर्जल समजून ५०.० मिग्रॅ तोललेलं. निर्जल गॅलिक आम्लाचं रेणुभार १७०.१२, मोनोहायड्रेटचं १८८.१४. म्हणजे स्टँडर्ड दहाएक टक्के पातळ, आणि त्या ग्राफवर वाचलेला प्रत्येक नमुना तितकाच फुगलेला. सरळ रेषा ही बरोबर रेषेची खूण नव्हे.

पुन्हा ५५.३ मिग्रॅ मोनोहायड्रेट, थोड्या मिथेनॉलमध्ये विरघळवून पाण्याने ५० मिली केलं. हे १ मिग्रॅ प्रति मिली स्टॉक. त्यातून १०, २०, ४०, ६०, ८०, १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली. स्टॉक त्याच दिवशी वापरायचा. दुसऱ्या दिवशी त्याला चहाची झाक येते.

नवा ग्राफ: A = ०.०१०२ × C + ०.००८.

२२ जुलै

फोलिनची पूर्ण कृती लिहून ठेवतो, म्हणजे उद्या नळ्या लावणाऱ्याला विचारायला नको.

अभिकर्मक बाजारात २ नॉर्मल मिळतो. आधी बाटलीचा रंग पाहायचा: स्वच्छ पिवळा हवा. हिरवट झाक म्हणजे धूळ किंवा आत गेलेल्या पिपेटने तो आधीच अंशतः क्षपित झाला आहे आणि ब्लँक वर चढणार. वापरापुरताच ओतून घ्यायचा, पाण्याने दहा पट पातळ करायचा.

नळीत क्रमाने: ०.५ मिली पातळ केलेला अर्क, २.५ मिली पातळ अभिकर्मक, हलवा. चार मिनिटांनी २.० मिली ७.५% सोडियम कार्बोनेट (निर्जल, ७.५ ग्रॅम १०० मिलीत), हलवा. ४०° च्या पाण्यात ३० मिनिटं, मग खोलीच्या तापमानावर आणून ७६५ नॅनोमीटरला रीडिंग. ब्लँकमध्ये अर्काऐवजी पाणी.

क्रम बदलायचा नाही. काल एका ओळीत आधी कार्बोनेट आणि मग अभिकर्मक पडला. त्याच अर्काचं रीडिंग ०.३३१ आलं, शेजारच्या बरोबर ओळीत ०.५५८. फिनॉल अल्कधर्मी द्रावणातच इलेक्ट्रॉन देतात, पण मॉलिब्डेट-टंगस्टेटचं हे संयुग अल्कधर्मी द्रावणात टिकत नाही. त्यामुळे ही शर्यत आहे: अभिकर्मक आधीच फिनॉलमध्ये नीट मिसळलेला असेल तरच तो मोडण्याआधी काम करून जातो. आठ मिनिटांच्या पुढे वाट पाहण्यातही फायदा नाही.

कार्बोनेट २०% का नाही? जुन्या कृतीत तेच आहे आणि काम चोख होतं. पण २०° से. ला १०० मिली पाण्यात साधारण २१.५ ग्रॅमच विरघळतं. एसी रात्रभर चालू राहिला की सकाळी बाटलीच्या तळाशी खडीसाखरेसारखे स्फटिक, आणि वरचं द्रावण किती टक्क्यांचं उरलं ते देव जाणे. ७.५% ला ही कटकट नाही.

अर्क पातळ करायचा तो पाण्याने. मिथेनॉलने केला तर कार्बोनेट पडल्यावर नळी दुधाळ होते, कारण कार्बोनेट मिथेनॉलमध्ये विरघळत नाही. मात्र पानांच्या अर्कात पाणी घातलं की मेण आणि हरितद्रव्य बाहेर पडून तो धुरकट होतो. ही धुरकटी ७६५ ला शोषणासारखीच वाचली जाते. म्हणून पानांच्या नळ्या रीडिंगपूर्वी ५ मिनिटं सेंट्रिफ्यूज करायच्या. न केलेल्या नळ्या ०.०३ ते ०.०५ वर होत्या, आणि तिन्ही सारख्या नव्हत्या. त्यावरूनच शंका आली.

२३ जुलै

अर्काचा स्वतःचा ब्लँक, म्हणजे अभिकर्मकाऐवजी पाणी आणि बाकी सगळं तेच. आमसुलाच्या नळीत कार्बोनेट पडताच लाल रंग क्षणभर जांभळा आणि मग निळसर-हिरवा झाला. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, अभिकर्मक न घालताच प्रतिक्रिया झाली. तसं नाही, अँथोसायनिन अल्कधर्मी झाल्यावर असाच रंग बदलतं. ७६५ ला त्याचं रीडिंग ०.००६, दुर्लक्ष करण्याजोगं. पण ६५० च्या फिल्टरवर वाचणाऱ्या साध्या कलरीमीटरने हेच काम केलं असतं तर हा निळा रंग हिशेबात शिरला असता.

दुसरी एक फुकटची चाचणी: अभिकर्मक घातल्यावर आणि कार्बोनेटच्या आधीच्या त्या चार मिनिटांत नळीकडे पाहायचं. तेव्हाच निळं दिसलं तर ते फिनॉल नव्हेत. क जीवनसत्त्व आम्ल द्रावणातही अभिकर्मकाला क्षपित करतं, फिनॉल करत नाहीत. आमच्या दोन्ही अर्कांत चार मिनिटांनी पिवळाच रंग. पडताळ्यासाठी शेजारी क जीवनसत्त्वाची नळी ठेवली, ती लगेच हिरवी-निळी झाली. ताजा पेरू किंवा लिंबू घेतलं असतं तर ही अडचण खरी ठरली असती. तसं पाहिलं तर हा अभिकर्मक फिनॉल ओळखत नाही, जे इलेक्ट्रॉन देईल त्याला निळं करतो. १९२७ साली फोलिन आणि सिओकाल्टो यांनी तो प्रथिनांतल्या टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅनसाठी बनवला होता. १९६५ मध्ये सिंगलटन आणि रॉसी यांनी वाइनसाठी तो बसवला आणि तिथपासून वनस्पतींच्या अर्कांना चिकटला.

२४ जुलै

फोलिनची रीडिंगं. हिशेबाचं सूत्र (V मिली, m ग्रॅम, D म्हणजे किती पट पातळ):

```
GAE (mg/g) = (A - 0.008) / 0.0102 × D × V / (m × 1000)
```

आमसूल, पहिला अर्क, १० पट पातळ, A = ०.५६२. म्हणजे ५४.३ मायक्रोग्रॅम प्रति मिली, गुणिले १०, गुणिले ५० मिली, म्हणजे २७.२ मिग्रॅ, भागिले २ ग्रॅम: आणलेल्या मालात १३.६ मिग्रॅ प्रति ग्रॅम. ओलावा वजा केला (०.८२५ ने भागून) तर १६.५. ओलावा आणि मीठ दोन्ही वजा केलं (०.७१५ ने भागून) तर १९.०.

एकच नळी, एकच रीडिंग, तीन आकडे, आणि तिन्ही खरे. पहिल्या-तिसऱ्यात ४०% फरक आहे. दुसऱ्या कुणाच्या आमसुलाशी तुलना करताना त्यांनी यातला कोणता लिहिला ते कळलं नाही तर तुलना सोडून द्यावी.

पेरूची पानं, पहिला अर्क, २५ पट पातळ, A = ०.४१८: १००.५ मिग्रॅ प्रति ग्रॅम, कोरड्या वजनावर १०९.२. सावलीत फसलेली खेप याच पद्धतीने ७१, तीही कोरड्या वजनावर. दोन दिवसांच्या दिरंगाईत एक तृतीयांशाहून जास्त गेलं.

पाच पट पातळ केलेला पानांचा अर्कही मुद्दाम वाचला. ग्राफप्रमाणे २.०६ यायला हवं होतं, आलं १.७१. ते रीडिंग हिशेबात घातलं तर ८३ मिग्रॅ निघतं, म्हणजे १७% कमी. ग्राफ १०० मायक्रोग्रॅमला संपतो, ही नळी २०० ला होती. तिथे यंत्राचा भटका प्रकाशही आड येतो आणि अभिकर्मकही तोकडा पडायला लागतो. दोन वेगवेगळ्या डायल्यूशनमधून मागे गुणून एकच आकडा येतो का, हे प्रत्येक नव्या नमुन्याला एकदा पाहायचंच. २५ आणि ५० पटीला आकडा जुळला (१००.५ आणि १०१.३).

तीन अर्कांची सरासरी: आमसूल १३.५ ± ०.७, पानं १००.५ ± २.७, दोन्ही आणलेल्या किंवा दळलेल्या स्थितीतल्या वजनावर. आमसुलातलं विचलन टक्केवारीत दुप्पट आहे. तुकडे एकसारखे होत नाहीत, काही सालींवर मीठ जास्त बसलेलं असतं.

२८ जुलै

डीपीपीएच. बाटली फ्रीजमधून काढून डेसिकेटरमध्ये तासभर ठेवायची, मगच उघडायची. या दमट हवेत थंड बाटली उघडली की आत दव धरतं आणि पुढच्या वेळी तोललेल्या वजनात पाणी असतं.

२३.७ मिग्रॅ १०० मिली मिथेनॉलमध्ये म्हणजे ०.६ मिलिमोलर स्टॉक. पूर्ण विरघळायला वेळ लागतो, काळे बारीक कण तळाशी दिसत नाहीत ना ते बाटली तिरकी धरून पाहायचं. फॉइल गुंडाळून ठेवायचं. त्याच दिवशी १० पट पातळ करून ६० मायक्रोमोलर.

नळीत ३.९ मिली हे द्रावण आणि ०.१ मिली अर्क किंवा ट्रोलॉक्स. अंधारात ३० मिनिटं, ५१७ ला रीडिंग, यंत्राला शून्य मिथेनॉलने. कंट्रोलमध्ये अर्काऐवजी ०.१ मिली तोच द्रावक. अर्क इथे मिथेनॉलने पातळ करायचा, पाण्याने नाही. नळीत पाण्याचा वाटा वाढला की डीपीपीएच बाहेर पडायला लागतं.

ट्रोलॉक्स: १२.५ मिग्रॅ ५० मिली मिथेनॉलमध्ये, म्हणजे १ मिलिमोलर. त्यातून १००, २००, ४००, ६००, ८०० मायक्रोमोलर. कंट्रोलच्या तुलनेत घट विरुद्ध संहती असा ग्राफ: उतार ०.०००५७५, छेद जवळजवळ शून्य म्हणून सोडला. कंट्रोल ०.६७२.

हा उतार स्वतःच तपासून घेता येतो, ही या पद्धतीतली सगळ्यात छान गोष्ट. ट्रोलॉक्सचा एक रेणू डीपीपीएचचे दोन रेणू संपवतो. नळीत ट्रोलॉक्स ४० पट पातळ होतं, म्हणजे नळीतल्या एका मायक्रोमोलर ट्रोलॉक्समागे घट ०.०२३, आणि एका मायक्रोमोलर डीपीपीएचमागे त्याच्या निम्मी, ०.०११५. आता कंट्रोलकडे पाहा: ५८.५ मायक्रोमोलर गुणिले ०.०११५ म्हणजे ०.६७३. वाचलं ०.६७२. दोन्ही टोकं जुळली, म्हणजे डीपीपीएचचं वजनही ठीक आणि ट्रोलॉक्सचंही. गॅलिक आम्लाच्या वेळी असा पडताळा हाताशी असता तर एक दिवस वाचला असता.

'अमुक मायक्रोग्रॅमला ७८% शमन' असं आम्ही लिहिणार नाही. डीपीपीएच किती घेतलं त्यावर ती टक्केवारी नाचते. ५०% शमनाच्या संहतीचंही तेच. ट्रोलॉक्सच्या तुलनेत सांगितलं की नळीतल्या डीपीपीएचचा हिशेब बराचसा आपोआप वजा होतो.

२९ जुलै

आमसूल, ४ पट पातळ. ३० मिनिटांनी A = ०.३४८. घट ०.६७२ − ०.३४८ = ०.३२४.

```
TE (µmol/g) = dA / 0.000575 × D × V / (m × 1000)
```

उत्तर ५६.३ मायक्रोमोल प्रति ग्रॅम. इथेच थांबलो असतो तर चुकलो असतो.

रंगाचा ब्लँक: ०.१ मिली तोच अर्क आणि ३.९ मिली नुसतं मिथेनॉल. नळी डोळ्यांना फिकट गुलाबी दिसते, जेमतेम. ५१७ ला ०.०६२. म्हणजे ०.३४८ मधलं ०.०६२ हे उरलेलं डीपीपीएच नव्हतंच, आमसुलाचा रंग होता. तो काढला तर घट ०.३८६, उत्तर ६७.१. पहिला आकडा १६% कमी पडत होता. पानांच्या ब्लँकचं रीडिंग ०.००३, तिथे काही बिघडत नाही. म्हणजे ब्लँक न लावता दोन नमुन्यांची तुलना केली असती तर फक्त आमसुलावर अन्याय झाला असता, आणि तक्त्यात तो दिसलाही नसता.

पहिली सूचना आली ती अर्क आणखी पातळ करण्याची, म्हणजे रंग नगण्य होईल. करून पाहिलं. ८ पट पातळ: A ०.५११, ब्लँक ०.०३१. दुरुस्तीशिवाय ५६.०, दुरुस्तीसह ६६.८. जिथल्या तिथेच. आणि विचार केला तर हेच होणार होतं: रंगही निम्मा होतो आणि घटही निम्मी होते, त्यांचं गुणोत्तर हलत नाही. पातळ केल्याने ब्लँकचा आकडा लहान दिसून मनाला बरं वाटतं, एवढंच.

३० जुलै

कालच्या ६७.१ वरही पूर्ण विश्वास टाकता येत नाही. ब्लँकच्या नळीत अँथोसायनिन अखंड आहे, कारण तिथे डीपीपीएच नाही. खऱ्या नळीत तेच अँथोसायनिन डीपीपीएचला इलेक्ट्रॉन देतं आणि देताना त्याचा रंग जातो. म्हणजे ३० मिनिटांनी तिथे ०.०६२ इतका रंग उरलेलाच नसतो, आणि आपण नसलेला रंगही वजा करतो. कितीसा उरला ते याच तरंगलांबीवर कळायला मार्ग नाही, दोघंही तिथेच शोषतात.

म्हणून आमसुलाला एक आकडा नाही, दोन टोकं: रंग अजिबात वजा न करता खालचं, पूर्ण वजा करून वरचं. खरं उत्तर मधे कुठेतरी. अहवालात दोन्ही लिहायची आणि का ते एका ओळीत.

एबीटीएस करून पाहिलं, ते ७३४ ला वाचतात आणि तिथे आमसुलाचा ब्लँक ०.००१. (७ मिलिमोलर एबीटीएस, २.४५ मिलिमोलर पोटॅशियम पर्सल्फेट, रात्रभर अंधारात, मग ०.७० पर्यंत पातळ, ६ मिनिटांनी रीडिंग.) आमसूल ७२ मायक्रोमोल ट्रोलॉक्स प्रति ग्रॅम. वरच्या टोकाच्या जवळ आला म्हणून तोच खरा, असं म्हणायचा मोह झाला. म्हणणार नाही. एबीटीएस वेगळं मूलक आहे, डीपीपीएचपाशी मंद असणारे पदार्थही त्याला चटकन इलेक्ट्रॉन देतात. रंगाच्या भानगडीतून मोकळं असं दुसरं मोजमाप, एवढीच त्याची जागा.

१ ऑगस्ट

३० मिनिटं कुणी ठरवली? ट्रोलॉक्स पाच मिनिटांत संपतं आणि मग रेषा आडवी. पानांचा अर्क (१० पट पातळ) तसा नाही. घट १० मिनिटांना ०.२६२, ३० ला ०.२९९, ६० ला ०.३२७, १२० ला ०.३५१, आणि अजून उतरतेच आहे. टॅनिनसारखे मोठे रेणू डीपीपीएचच्या मध्यावरच्या मूलकापर्यंत सावकाश पोचतात, शिवाय एकदा इलेक्ट्रॉन दिलेले फिनॉल आपसात जुळून पुन्हा देऊ लागतात. ३० मिनिटांचा आकडा धरला तर ५२० मायक्रोमोल प्रति ग्रॅम, १२० चा धरला तर ६१०.

दोन तासांत कंट्रोलही ०.६७२ वरून ०.६६१ वर घसरला. म्हणून प्रत्येक वेळेच्या रीडिंगला त्याच वेळेचा कंट्रोल वजा करायचा. सकाळचा कंट्रोल दिवसभर वापरला तर संध्याकाळच्या नळ्या उगाच जास्त क्षमतेच्या दिसतात. वरच्या घटी तशाच काढल्या आहेत.

वेळ ३० मिनिटंच ठेवली, कारण मागच्या कामाशी तुलना करायची आहे, पण प्रत्येक आकड्याशेजारी ती लिहायची.

४ ऑगस्ट

अहवालात जाणाऱ्या ओळी, तीन स्वतंत्र अर्कांची सरासरी, मीठ न वजा करता कोरड्या वजनावर:

आमसूल (मीठ लावलेलं, आणलेल्या मालात ओलावा १७.५%, मीठ ११.०%): १६.३ ± ०.९ मिग्रॅ गॅलिक आम्ल तुल्य प्रति ग्रॅम. मीठही वजा केल्यास १८.८ ± १.०. डीपीपीएच, ३० मिनिटं: ६८ ते ८१ मायक्रोमोल ट्रोलॉक्स तुल्य प्रति ग्रॅम, टोकं रंगाच्या दुरुस्तीशिवाय आणि दुरुस्तीसह.

पेरूची पानं (४०° से. ला १८ तास वाळवलेली, ओलावा ८.०%): १०९.२ ± २.९ मिग्रॅ गॅलिक आम्ल तुल्य प्रति ग्रॅम. डीपीपीएच, ३० मिनिटं: ५५८ मायक्रोमोल ट्रोलॉक्स तुल्य प्रति ग्रॅम, प्रतिक्रिया तोवर पूर्ण झालेली नाही.

स्टँडर्डच्या रकान्यात 'गॅलिक आम्ल मोनोहायड्रेट, निर्जल वजनावर हिशेब' असं पूर्ण लिहायचं. बाटलीवर लाल मार्करने १.१०६ हा गुणक लिहून ठेवला आहे.

बाकी: बिनमिठाचं आमसूल कुडाळहून मागवलं आहे, ते पुढच्या आठवड्यात. फोलिनची उघडी बाटली आज किंचित हिरवट दिसली, नवी प्रिन्सेस स्ट्रीटवरून आणायची.